मिरचीत ओल जास्त निघाली: भावातली कपात किती आणि कशी मागावी

*कुडाळजवळ आमचा मालवणी मसाल्याचा छोटा उद्योग आहे. ब्याडगीच्या एका व्यापाऱ्याकडून मे महिन्यात ६० गोणी देठासकट मिरची घेतली. बिल २,४०० किलोंचे, भाव किलोला २६० रुपये, आमच्या दारात पोच. ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणि फटकी, म्हणजे पांढरट पडलेली मिरची, २ टक्क्यांपर्यंत, असे व्हॉट्सॲपवर ठरले होते. इथल्या काट्यावर माल २,३९६ किलो भरला. उतरवतानाच मिरची नरम वाटली म्हणून त्याच दिवशी नमुना प्रयोगशाळेत दिला. ओलावा १३.२ आला. निवडून पाहिले तर फटकी ५ टक्के. व्यापारी फोनवर म्हणतो, ‘माल इथून वाळलेला गेला, तुमच्या समुद्राच्या हवेने ओलावला.’ चार लाख दिलेत, बाकी थांबवली आहे. माल येऊन आठ दिवस झाले. भावात कपात मागायची तर किती मागावी आणि कशी?*

व्यापाऱ्याच्या ‘समुद्राच्या हवे’ला उत्तर तुमच्याच हातात आहे. ते प्रयोगशाळेच्या कागदात नाही, काट्याच्या पावतीत आहे. रत्नागिरीत मसाल्याच्या आणि तांदळाच्या खरेदीत माझी २२ वर्षे गेली. ओलाव्याचे जेवढे वांधे मी पाहिले, त्यांतले बहुतेक या एका पावतीवरून निकालात निघाले किंवा ती पावती नसल्यामुळे हातचे गेले.

हिशेब असा. व्यापाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे २,४०० किलो मिरची १० टक्के ओलाव्याने निघाली असेल, तर तिच्यात २४० किलो पाणी आणि २,१६० किलो कोरडा माल होता. कोरडा माल वाटेत वाढत नाही आणि घटतही नाही, बदलते ते फक्त पाणी. आता तोच २,१६० किलो कोरडा माल आपल्या हवेत १३.२ टक्के ओलाव्यापर्यंत पोचला असता, तर एकूण वजन २,१६० भागिले ०.८६८ म्हणजे जवळजवळ २,४८८ किलो भरायला हवे होते. म्हणजे तुमच्या काट्यावर बिलापेक्षा ८८ किलो जास्त दिसायला हवे होते. प्रत्यक्षात ४ किलो कमी दिसले. याचा अर्थ एकच होतो: जे पाणी तुमच्या दारात उतरले ते ब्याडगीतच वजनात धरले गेले होते आणि त्याचे पैसे मिरचीच्या भावाने लावले गेले होते.

हा युक्तिवाद मी व्यापाऱ्याशी बोलताना सर्वांत आधी मांडतो, कारण त्याला स्वतःला वजनाचे गणित पक्के ठाऊक असते. प्रयोगशाळेच्या अहवालावर तो दहा शंका काढेल, पण हवेतून ८८ किलो पाणी घेऊनही माल हलका कसा झाला, याचे उत्तर त्याच्याकडे नसते. काटा उलटे बोलला असता, म्हणजे माल २,४८० किलोंच्या आसपास भरला असता, तर व्यापारी खरा ठरला असता आणि मी तुम्हाला तक्रार करू नका असेच सांगितले असते.

या पुराव्याच्या दोन मर्यादा मात्र आधीच तपासून घ्या. पहिली गोष्ट बारदानाची. बिलावर बारदान वजा करून निव्वळ वजन लिहिलेले असेल, तर तुमच्या काट्यावरूनही गोणीमागे तेवढेच बारदान वजा झाले आहे ना, ते पाहा. ६० गोणींना एकेक किलोचा फरक पडला तरी ६० किलोंचा घोळ होतो आणि सगळा युक्तिवाद कोसळतो. दुसरी गोष्ट अशी की ट्रकमध्ये दुसऱ्या कोणाचाही माल असेल, तर भरलेल्या आणि रिकाम्या ट्रकच्या वजनातला फरक हे तुमच्या मिरचीचे वजन नव्हे. अशा वेळी गोणी एकेक करून फलाटी काट्यावर मोजलेल्या हव्यात आणि त्या वजनांच्या यादीवर ट्रकचालकाची सही हवी. तुमच्या २,३९६ या आकड्यामागे यांतले काय आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. सही नसेल तर निदान उतरवणाऱ्या माणसांची नावे आणि वेळ आजच लिहून ठेवा.

हवेचा मुद्दा दुसऱ्या बाजूनेही तपासता येतो आणि त्यासाठी काही गोणी अजून न उघडलेल्या असायला हव्यात. आपल्याकडे मेअखेरीस हवा दमट असते आणि मिरची ती ओल खेचते, यात खोटे काही नाही. मात्र गच्च भरलेल्या गोणीत ही ओल बाहेरून आत सरकते. आधी कडेच्या मिरच्या नरम पडतात, मधल्या मागाहून. म्हणून न उघडलेल्या गोणीची शिवण उसवा, कडेची मूठभर मिरची एका बाजूला ठेवा आणि कोपरापर्यंत हात घालून अगदी मधली मूठभर काढा. दोन्हींतली एकेक मिरची कानाजवळ हलवून पाहा, मग मधोमध वाकवा. नीट वाळलेल्या मिरचीत बी खुळखुळते आणि ती वाकवताच मोडते. ओलसर मिरची चामड्यासारखी दुमडते आणि आतले बी सालीला चिकटून बसलेले असते. मधली मिरची कडेच्या इतकीच किंवा त्याहून जास्त नरम असेल, तर ओल गोणी भरतानाच आत गेली. कडेची नरम आणि मधली कडक असेल, तर व्यापाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. गोणीच्या एकाच बाजूला डाग, खाली गठ्ठे बांधलेले आणि तेही ट्रकच्या वरच्या थरातल्या गोणींना, असे दिसले तर आंबोली घाटात ताडपत्रीतून पाणी गळले असण्याचा संभव आहे. ते प्रकरण वेगळे. दारात पोच ठरली असल्यामुळे त्याची जबाबदारीही बहुधा व्यापाऱ्यावरच येते, पण बिलाच्या तळाशी ‘माल गोदामातून निघाल्यावर जोखीम खरेदीदाराची’ असे छापलेले नाही ना, ते वाचा.

व्यापाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी, म्हणजे बोलणे सोपे जाते. फार कडक वाळलेली मिरची गोणी भरताना आणि चढवता-उतरवताना मोडते, तिचा चुरा होतो, बी सुटते आणि मग ‘तुकडा जास्त’ म्हणून त्याचीच तक्रार येते. त्यामुळे भरण्याआधी मिरचीवर पाण्याचा हात मारून ती थोडी नरम करण्याची पद्धत बाजारात आहे. शीतगृहातून काढलेली मिरचीही गार असताना बाहेरच्या हवेतले पाणी धरते आणि ती पसरून कोरडी न करताच भरली तर ओल आतच राहते. यांत दरवेळी लबाडी असतेच असे नाही. मात्र कारण काहीही असले तरी तुमच्यात ठरले होते ते १० टक्के, आणि पाणी २६० रुपये किलोने विकायचे हे ठरलेले नव्हते.

आता प्रयोगशाळेच्या अहवालाकडे वळू. अहवालावर बहुधा ‘मिळालेल्या नमुन्यापुरते’ अशा अर्थाचे वाक्य असते आणि ते बरोबरच आहे, कारण प्रयोगशाळेने ६० गोणी पाहिलेल्या नाहीत. तेव्हा नमुना किती गोणींतून काढला हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. मी गोणींच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या गोणी तरी उघडतो. ६० गोणींना ८. धान्याच्या पोत्यात खुपसतात ती नळी मिरचीला चालत नाही, म्हणून गोणी उघडून वरची, मधली आणि खालची मिरची हातानेच काढावी लागते. ती सगळी एकत्र करून तिचे तीन सारखे भाग करायचे: एक प्रयोगशाळेला, एक व्यापाऱ्यासाठी, एक स्वतःजवळ. तुम्ही एकाच गोणीतून एकच पुडी दिली असेल तर तो अहवाल कमजोर आहे. उरलेल्या न उघडलेल्या गोणींतून असा नमुना आता पुन्हा काढा, पण त्यावर आजची तारीख घाला. आठ दिवसांपूर्वीचा म्हणून तो खपवू नका.

अहवालात पद्धत कोणती लिहिली आहे तेही पाहा. मसाल्याच्या पदार्थांचा ओलावा टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून, निघालेले पाणी मोजून काढण्याची रीत आहे. भट्टीत तापवून वजनातली घट मोजली, तर पाण्याबरोबर उडून जाणारे इतर घटकही त्या घटीत येतात आणि आकडा थोडा फुगतो. समोरचा जाणकार असला तर तो नेमके इथेच बोट ठेवतो. अहवालात पद्धत लिहिलेली नसेल तर प्रयोगशाळेकडून ती लिहून घ्या. मान्यताप्राप्त, म्हणजे एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा असेल तर उत्तम. हातात धरायच्या ओलावामापकाचा आकडा मात्र तक्रारीत घालूच नका. ती यंत्रे ज्या धान्यासाठी जुळवलेली असतात त्यासाठीच खरी बोलतात. आमच्याकडे एका मुलाने भाताच्या यंत्रात मिरचीचे तुकडे कोंबून आकडा काढला आणि तो उत्साहाने व्यापाऱ्याला पाठवला. पुढचा अर्धा तास व्यापारी त्या यंत्राबद्दलच बोलत राहिला आणि मिरची बाजूला पडली.

जपून ठेवलेल्या नमुन्याची एक गोष्ट स्वतःच्या अनुभवातून सांगतो, कारण त्यात माझे नुकसान झाले आहे. एका व्यापाऱ्याच्या धण्यात ओल जास्त निघाली. मी नमुना पातळ पिशवीत घालून, वर गाठ मारून टेबलाच्या खणात ठेवला. वांधा जुलैपर्यंत लांबला. अखेर दोघांनी मिळून तो नमुना दुसरीकडे तपासायला दिला, तर ओलावा माझ्या पहिल्या अहवालापेक्षाही बराच वर गेलेला. व्यापारी शांतपणे म्हणाला, ‘म्हणजे तुमच्याकडे ठेवले की वाढते, हेच तर मी सांगत होतो.’ माझा खरा असलेला पहिला अहवालही त्या एका पिशवीने बुडवला, आणि त्या मालाच्या काट्याची पावती मी जपलेली नव्हती. तेव्हापासून नमुना जाड पिशवीत, तोंड तापवून बंद करून, वर दुसरी पिशवी आणि मग घट्ट झाकणाच्या बरणीत, असा ठेवतो. बरणीवर तारीख, गोणींचे क्रमांक आणि दोन सह्या असतात.

आता रकमेकडे येऊ. ओलाव्यासाठी बाजारात ‘टक्क्याला टक्का’ कापण्याची सोपी रीत आहे. ३.२ टक्के जास्त, म्हणून २,३९६ किलोंचे ३.२ टक्के, म्हणजे सुमारे ७६.७ किलोंचे पैसे कमी. ही रीत जवळची आहे, पण तीत विकत घेणाऱ्याचे थोडे नुकसान होते, कारण तुम्हाला हवी असलेली मिरची १० टक्के ओलाव्याची आहे, शून्य टक्क्यांची नाही. नीट हिशेब असा: २,३९६ किलोंमध्ये कोरडा माल ८६.८ टक्के, म्हणजे २,०७९.७ किलो. एवढ्या कोरड्या मालाची १० टक्के ओलाव्याची मिरची ०.९० ने भागून २,३१०.८ किलो होते. म्हणजे वजनात ८५.२ किलो जास्तीचे पाणी आहे आणि २६० रुपयांनी त्याची किंमत २२,१५२ रुपये. दोन्ही रीतींतला फरक सव्वादोन हजारांच्या आत आहे. मी पत्रात कोरड्या मालाचा हिशेब लिहितो आणि तडजोडीत टक्क्याला टक्का मान्य करतो. सोडायला हातात काहीतरी असलेले बरे. बिलापेक्षा कमी भरलेले ४ किलो यात धरू नका. एवढी तूट वाटेत होतेच आणि त्यावर भांडले की मोठी मागणीही किरकोळ वाटू लागते.

फटकीच्या बाबतीत दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे जास्तीची सगळी फटकी फुकट गेली असे धरून पूर्ण भाव कापणे. फटकीलाही बाजारात कमी का होईना, भाव असतो. तुमच्या भागात सध्या तिला समजा ९० रुपये भाव असेल, तर तुमचे नुकसान किलोला १७० रुपयांचे आहे, २६० चे नाही. दुसरी चूक म्हणजे ओलाव्यासाठी एकदा वजा केलेले पाणी फटकीच्या वजनात पुन्हा धरणे. म्हणून जास्तीचे ३ टक्के २,३९६ वर न काढता २,३१०.८ वर काढायचे: ६९.३ किलो. १७० रुपयांनी ते ११,७८१ रुपये होतात. फटकीचा भाव मनाने लिहू नका, दोन व्यापाऱ्यांकडून त्या आठवड्याचा भाव लेखी घ्या आणि माझ्या ९० च्या जागी तो घाला. फटकीची टक्केवारी काढण्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही. एकत्र केलेल्या नमुन्यातून एक किलो मिरची मोजून घ्या, पांढरट पडलेली हाताने निवडा, तिचे वजन करा आणि काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढा.

माल वाळवण्याचा खर्च तिसरा. तो झाला असेल तरच मागायचा आणि जेवढा झाला तेवढाच. समजा चार बायका दोन दिवस, रोज ४०० रुपयांनी, तर ३,२०० रुपये, आणि त्याच्या पावत्या. वाळवण्याचा खर्च आणि पाण्याची कपात ही एकच मागणी दोनदा केल्यासारखी वाटते, पण तसे नाही. कपात तुम्ही जास्त दिलेल्या पैशांची आहे आणि खर्च माल ठरल्या अवस्थेत आणण्याचा आहे. सगळे मिळून ३७,१३३ रुपये होतात, म्हणजे किलोला साडेपंधरा रुपयांच्या आसपास. ही तुमची मागणी. माझ्या अंदाजाने समेट १२ ते १४ रुपयांवर होईल आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

माल वाळवायला घेण्याआधी मात्र एक काळजी घ्या. व्यापाऱ्याला लेखी कळवा की ४८ तासांत त्याने स्वतः येऊन किंवा दलालाला पाठवून माल पाहावा, त्यानंतर तुम्ही माल उन्हात टाकणार आहात. मे संपत आलेला असताना १३ टक्क्यांची मिरची गोणीत तशीच कोंडून ठेवली तर बुरशी धरेल, आणि मग ‘तुम्हीच माल नासवलात’ हे त्याचे म्हणणे खरे ठरेल. नुकसान वाढू न देणे ही तुमचीही जबाबदारी धरली जाते. पाचसहा गोणी मात्र शिवणीसकट बाजूला ठेवा.

बुरशी आधीच धरलेली असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागेल. दहाबारा मिरच्या देठापासून उभ्या चिरून आत पाहा. बियांवर करडा किंवा काळा थर दिसला, कुबट वास आला, तर भावात कपात मागू नका, माल नाकारा. मसाल्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची कायदेशीर मर्यादा एकूण ३० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो आहे आणि ती ओलांडलेला माल स्वस्तात घेतला म्हणून विकण्याजोगा होत नाही. दळून पाकिटात गेल्यावर पाकिटावर नाव तुमचे असते. अख्ख्या मिरचीला अन्नसुरक्षा नियमांत ओलाव्याची मर्यादा ११ टक्के आहे. तुमचा माल तीही ओलांडतो आणि हे पत्रात एका वाक्यात यावे. पण तक्रारीचा पाया मात्र तुमचे ठरलेले १० टक्केच ठेवा. कायद्याच्या आकड्यावर उभे राहिलात, तर समोरचा फक्त ११ च्या वरची कपात देऊ करेल.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे माल ठरल्यासारखा नसेल तर तो नाकारता येतो, पण तुम्ही तो वापरायला घेतला, किंवा वाजवी मुदतीत काहीच न कळवता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. स्वीकारल्यानंतरही हक्क संपत नाही: कलम ५९ प्रमाणे किमतीत घट मागता येते. म्हणजे चार गोणी दळल्या असतील तरी कपातीचा दावा जिवंत आहे, नाकारण्याचा मात्र गेला. यापेक्षाही तातडीची गोष्ट दुसरी आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून २००६ च्या कायद्याखाली संरक्षण घेऊ शकणारा असेल, तर मालाबद्दलची हरकत पोच झाल्यापासून १५ दिवसांत लेखी नोंदवलेली असावी लागते, नाहीतर थांबवलेल्या रकमेवर तो चढे व्याज मागू शकतो. तुमचे आठ दिवस गेले आहेत आणि फोनवरचे बोलणे लेखी हरकत नव्हे. म्हणून पत्र उद्या गेले पाहिजे, ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालानेही. व्यवहार दलालामार्फत झाला असेल तर एक प्रत त्यालाही द्या.

थांबवलेल्या रकमेबाबत माझे मत तुम्हाला कदाचित रुचणार नाही. बिल करासह ६,५५,२०० रुपयांचे, चार लाख दिले, म्हणजे २,५५,२०० बाकी. मागणी ३७,१३३ आणि त्यावरचा ५ टक्के जीएसटी धरून ३८,९९० रुपये. मग २,१६,२१० रुपयांबद्दल वादच नाही. ते ठरल्या तारखेला देऊन टाका. सगळी बाकी अडकवून ठेवलीत तर तक्रार खरी असूनही तुम्ही ‘पैसे बुडवायला कारण काढणारे’ ठरता आणि ब्याडगीच्या बाजारात ही गोष्ट एका दुपारीत सगळीकडे जाते. वादाची तेवढीच रक्कम हातात ठेवा. बिलावर न्यायक्षेत्र तिकडचे छापलेले असण्याची शक्यता मोठी आहे आणि एकोणचाळीस हजारांसाठी घाट चढून कोर्टाच्या तारखा करणे परवडत नाही. तुमचा खरा जोर या हातात राहिलेल्या रकमेत आणि पुढच्या हंगामाच्या खरेदीत आहे.

पत्र असे लिहिता येईल. आकडे तुमच्या कागदांप्रमाणे बदलून घ्या.

> स. न. वि. वि.
>
> विषय: आपले बिल क्र. …, दि. … अन्वये आलेल्या ६० गोणी मिरचीचा ओलावा व फटकी ठरल्यापेक्षा जास्त असल्याबद्दल लेखी हरकत आणि किमतीतील कपातीची मागणी.
>
> आपल्या व आमच्या दि. … च्या संदेशांत ओलावा जास्तीत जास्त १० टक्के आणि फटकी जास्तीत जास्त २ टक्के असे ठरले होते. दि. … रोजी माल आमच्याकडे उतरला, त्याच दिवशी नमुना काढून तपासला असता ओलावा १३.२ टक्के आणि फटकी ५ टक्के आढळली. प्रयोगशाळेचा अहवाल, काट्याची पावती, गोणींचे क्रमांक आणि फोटो सोबत जोडले आहेत.
>
> माल आमच्याकडील हवेने ओलावला, असे आपण फोनवर म्हणालात. १० टक्के ओलाव्याचा २,४०० किलो माल १३.२ टक्क्यांपर्यंत ओलावला असता तर त्याचे वजन सुमारे २,४८८ किलो झाले असते. उतरताना ते २,३९६ किलो भरले आहे. त्यामुळे हा ओलावा माल भरतेवेळीच होता, असे आमचे म्हणणे आहे. हा ओलावा अन्नसुरक्षा नियमांतील ११ टक्क्यांच्या मर्यादेपेक्षाही जास्त आहे.
>
> हे पत्र मिळाल्यापासून ४८ तासांत आपण किंवा आपला प्रतिनिधी येऊन मालाची पाहणी करावी. सहा गोणी न उघडता आणि एक सीलबंद नमुना आपल्यासाठी ठेवला आहे. त्या मुदतीनंतर, माल खराब होऊ नये म्हणून, आम्ही तो वाळवण्यास घेऊ. तसे करणे म्हणजे माल ठरल्याप्रमाणे असल्याची मान्यता नव्हे.
>
> जास्तीच्या ओलाव्यापोटी २२,१५२ रुपये आणि जास्तीच्या फटकीपोटी ११,७८१ रुपये अशी कपात आम्ही मागत आहोत. हिशेब सोबत आहे. वाळवण्याचा प्रत्यक्ष खर्च पावत्यांसह नंतर कळवू. तो अंदाजे ३,२०० रुपये आहे. वादाची रक्कम वगळून उरलेली बाकी आम्ही ठरल्या तारखेस देत आहोत. कपातीचे क्रेडिट नोट आपण पाठवावे, ही विनंती.
>
> कळावे.

पत्रात ‘फसवणूक’, ‘भेसळ’ असले शब्द घालू नका. पाण्याचा हात मारला असावा असा तुमचा संशय असेल, तरी तो सिद्ध करता येत नाही आणि तुमच्या मागणीला त्याची गरजही नाही. ओलावा कसा आला यापेक्षा तो वजनात आला, एवढेच पुरे आहे.

समेट झाला की शेवटचे काम कागदाचे, आणि तेच बरेच जण अर्धवट सोडतात. ठरलेली कपात तुम्ही नुसती पैशांतून वळती केलीत, तर त्याच्या वहीत ती बाकी म्हणून दिसत राहील आणि तुम्ही जीएसटीचे पूर्ण क्रेडिट घेतल्यामुळे तुमच्या बाजूलाही तफावत राहील. कपातीचे क्रेडिट नोट पुरवठादारानेच, मूळ बिलाचा क्रमांक घालून, कर कमी दाखवून काढायचे असते. ते त्याच्या विवरणात आले की तुम्ही तेवढे क्रेडिट उलटवायचे. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत त्याला ते करता येते, मात्र वार्षिक विवरण आधी भरले तर मुदत तिथेच संपते.

बहुधा तो क्रेडिट नोटऐवजी म्हणेल, ‘पुढच्या मालात बघून घेऊ.’ हे मी दोनदा मान्य केले आणि दोन्ही वेळा पुढच्या मालाचा भावच आधी चढवून सांगितला गेला. पुढच्या मालात सवलत घ्यायचीच असेल तर ती रुपयांत, किलोंवर आणि तारखेसह संदेशात लिहून घ्या. त्याच संदेशात पुढच्या वेळचा ओलावाही ठरवा: ११ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ११ ते १२.५ टक्क्यांवर कोरड्या मालाच्या हिशेबाने कपात, त्यावर माल परत, आणि मोजणी उतरतानाच्या नमुन्याची. १० टक्क्यांचा आग्रह मी स्वतः धरत नाही. तो पाळायला गेलेला माल घाट उतरेपर्यंत निम्मा चुरा होऊन येतो.